एकाच ओळीत दोन फिनिश, मध्ये पाइप

संध्या_अ: व्हिस्की चाखण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका मराठीत करतेय. ओळ अशी आहे: 'फिनिश्ड इन पोर्ट पाइप्स. लाँग, ड्राय फिनिश.' मी लिहिलं, 'पोर्टच्या नळ्यांत अंतिम केलेली. लांब, कोरडा शेवट.' तपासणाऱ्याने समासात नुसतं उद्गारचिन्ह काढलंय!

जुनापिंप: नळ्या कुठून आल्या? पाइप म्हणजे पोर्टचं साधारण 550 लिटरचं पिंप. आणि दुसरा फिनिश म्हणजे घोट गेल्यावर रेंगाळणारी चव. पहिला वेगळा. बाल्व्हेनी डबलवूड घ्या. बर्बनच्या पिंपात बारा वर्षं मुरलेली व्हिस्की ओलोरोसो शेरीच्या पिंपात 9 महिने ठेवतात. बर्बनच्या लाकडाने व्हॅनिला, मध दिलेलं असतं. दुसरं लाकूड शेरी पिऊन बसलेलं, ते वर मनुका आणि मसाला चढवतं. मूळची व्हिस्की तयार असते, म्हणून महिने पुरतात.

वैद्यकाका: सोपं आहे, 'शेरीची भावना दिलेली'.

जुनापिंप: काका, भावनेत चूर्ण रस पितं. इथे पातळ पदार्थच लाकडातला रस ओढतो. उलटा कारभार.

कोरडा_घसा: 'पोर्टचं पुट'?

जुनापिंप: पुट वरून फासल्यासारखं वाटतं. अर्थात पोर्टमध्ये जास्त दिवस राहिली तर लागतेही तशीच. रंग गुलाबीकडे झुकतो, आधी जॅम, नंतरही जॅम. चार थेंब पाणी घालून थांबा. खाली धान्याची चव सापडली नाही, तर पिंप जिंकलं.

मिरजकर७: शेवटी शेरीवाल्यांची रिकामी पिंपं स्वस्तात उचलायची, एवढंच ना?

जुनापिंप: पूर्वी बरंच तसं होतं, शेरी पिंपातून ब्रिटनला यायची. 1980च्या दशकात ती स्पेनमध्येच बाटलीत भरायला लागले आणि तो पुरवठा आटला. आता व्हिस्कीसाठीच पिंपं बनवून त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात. स्वस्त तर अजिबात नाहीत.

लोणचेवाली: आमची आजी लिंबाच्या लोणच्याची बरणी न धुता त्यात कैरी भरायची. आम्ही म्हणायचो, 'लिंबावर मुरलेली'.

कोरडा_घसा: वा! 'पोर्टवर मुरलेली'!

शुद्धमती: 'मुरलेली' ठीक. पण पिंप, पिंप काय? 'काष्ठकुंभ' म्हणा.

जुनापिंप: पोर्टला पिंपच शोभतं. पोर्तुगीज 'पिपा'वरूनच ते मराठीत आलं. इंग्रजांचा हा 'पाइप'ही त्याच घरचा. संध्याताईंनी नळ्या लिहिल्या, तेव्हा खरा शब्द त्यांच्या न्हाणीघरात पाणी भरून उभा होता.

शुद्धमती: पोर्तुगीज कशाला? 'पिंपळ'शी काही संबंध असणार.

मिरजकर७: पिंपळाचं पिंप कोणी केलेलं ऐकलंय का?

संध्या_अ: उद्या सकाळी पत्रिका छापायला जातेय. 'मुरलेली' दोन्ही टप्प्यांना म्हटलं, तर दुसरा कुठला हे कळणार कसं?

शुद्धमती: माझ्या माहेरी पिंपळाच्या लाकडाची पेटी होती.