बोनस सेकंद हवेत की नकोत? 2020 च्या व्हुएल्टाचा हिशोब मांडून बोलूया

घाटवेडा:
2020 ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची सायकल शर्यत, रोग्लिचने कारापाझपेक्षा 24 सेकंदांनी जिंकली. पण 18 स्टेजमध्ये रोग्लिचला 48 सेकंद बोनस मिळाला आणि कारापाझला फक्त 16. म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर कारापाझ 8 सेकंदांनी पुढे होता. जो कमी वेळात तेवढंच अंतर कापतो तो जिंकतो, इतकी साधी गोष्ट स्टेजच्या पहिल्या तिघांना मिळणाऱ्या या 10-6-4 सेकंदांनी बिघडवली, असं माझं मत आहे. शिवाय रोग्लिच पॉइंट्सची हिरवी जर्सीही घेऊन गेला. बोनसमुळे पॉइंट्सचं क्रमांकनही बदलतं का? जाणकारांनी सांगा.

सातारा_पेडल:
बदलतं तर! बोनस सेकंद मिळाले की त्या हिशोबात पॉइंट्सही वाढतात. म्हणून तर एकाच माणसाकडे दोन्ही जर्स्या जातात. बोनस काढले असते तर रोग्लिचकडून विजेत्याची लाल आणि पॉइंट्सची हिरवी दोन्ही गेल्या असत्या.

टायमिंगवाला:
सातारा_पेडल, अर्धं बरोबर आहे तुमचं. दोन्ही गोष्टी एकाच फिनिशवर वाटल्या जातात, पण वह्या वेगळ्या आहेत. बोनसचे सेकंद फक्त वैयक्तिक जीसीच्या, म्हणजे सगळ्या स्टेज मिळून होणाऱ्या, एकूण वेळेतून वजा होतात. स्टेजच्या निकालात धरत नाहीत, सांघिक क्रमांकनात धरत नाहीत, आणि पॉइंट्सशी तर त्यांचा हिशोबाचा काही संबंधच नाही. बोनस रद्द केले असते तरी रोग्लिचचा एक पॉइंट कमी झाला नसता.

त्या वर्षी व्हुएल्टात सपाट असो वा डोंगर, प्रत्येक स्टेजला पहिल्याला 25, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, चौथ्याला 14 असे पॉइंट्स होते. रोग्लिचचे चार विजय आणि तीन दुसरे क्रमांक, यांचेच 160 झाले. त्यातला एक विजय एझारोच्या टाइम ट्रायलचा. तिथे पॉइंट्स 25 मिळाले आणि बोनस शून्य, कारण टाइम ट्रायलला बोनस नसतोच. उलट बाजूने आंग्लिरू बघा. कारापाझ तिथे चौथा आला, त्याला 14 पॉइंट्स मिळाले, पण बोनस तिसऱ्यापर्यंतच असतो म्हणून सेकंद एकही नाही.

आता घाटवेडा यांच्या मुख्य मुद्द्याकडे. तुमची बेरीज अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. दोघांमधलं अंतर कसं हललं ते क्रमाने बघा.

पहिल्या तीन स्टेजमध्ये रोग्लिच 1ला, 2रा, 2रा. कारापाझ पहिल्या दिवशी अराटेला दुसरा आणि लागुना नेग्राला तिसरा. रस्त्यावर दोघांत फरक पडला अवघा 1 सेकंद, बोनसमुळे 12. म्हणजे रोग्लिच 13 ने पुढे. मग फोर्मिगालला पावसात त्याने 43 सेकंद गमावले आणि कारापाझ 30 ने पुढे गेला. आठव्या स्टेजला मोंकाल्वियोच्या चढावर रोग्लिचने रस्त्यावर 13 आणि बोनसचे 4 परत मिळवले, तेव्हा तूट 13 राहिली. दहाव्या स्टेजला सुआन्सेसमध्ये तो जिंकला. 10 बोनस आणि ज्युरीने दिलेला 3 सेकंदांचा गॅप धरून दोघं बरोबरीत आले. आंग्लिरूला कारापाझ पुन्हा 10 ने पुढे. एझारोच्या टाइम ट्रायलला रोग्लिचने 49 काढले, आता तो 39 ने पुढे. सोळाव्या स्टेजला सिउदाद रोद्रिगोत तो दुसरा आला, 6 बोनस, 45. आणि कोवातियाला कारापाझने 21 काढून घेतले. उरले 24.

आता शेवटचा चढ डोळ्यासमोर आणा. कारापाझ निसटला तेव्हा रोग्लिचच्या हातात 45 सेकंद होते. त्याला कारापाझला पकडायची गरज नव्हती, फक्त 44 च्या आत राहायचं होतं. बोनस नसते तर तोच चढ त्याने 45 नव्हे, 13 सेकंदांच्या आघाडीवर सुरू केला असता. त्या परिस्थितीत तो 21 सेकंद जाऊ देईल, असं धरूनच तुमचा 8 चा आकडा निघतो. नियम बदलला की माणसं वेगळी चालवतात. झालेल्या शर्यतीतून नुसते बोनस वजा करून विजेता ठरवता येत नाही.

घाटवेडा:
मान्य, वजाबाकीने विजेता सिद्ध होत नाही. पण तुमच्याच आकड्यांत माझा मुद्दा आहे. पहिल्या तीन दिवसांत रस्त्यावर फरक 1 सेकंद आणि कागदावर 13! दोघं जवळजवळ एकाच वेळी रेषेवर येतात आणि एकाला जवळपास पाव मिनिट मिळतं. सुआन्सेसच्या त्या 3 सेकंदांवरून तर एवढी नाराजी होती की दुसऱ्या दिवशी रायडर्सनी स्टेजची सुरुवातच उशिरा होऊ दिली. टूर द फ्रान्सने 2008 ते 2014 बोनस काढले होते. सात वर्षं शर्यत नीट चालली. कुणाचं काय बिघडलं?

टायमिंगवाला:
सुआन्सेसचा वाद गॅपचा होता, बोनसचा नाही. गटातल्या दोन सायकलींमध्ये किती अंतर पडलं की वेळ वेगळी धरायची, हा तिथला प्रश्न. तो नियम घोटाळ्याचा आहे हे मी नाकारत नाही. पण बोनस रद्द केले तर तो वाद वाढेल, कारण मग प्रत्येक सेकंद गॅपमधूनच येणार.

आणि त्या सात वर्षांत पहिला आठवडा गोठलेला असायचा. 2012 ला लिएजच्या प्रोलॉगनंतर, म्हणजे सलामीच्या छोट्या टाइम ट्रायलनंतर, कान्चेलाराने आघाडीची पिवळी जर्सी घातली आणि सातव्या स्टेजला पहिला खरा चढ येईपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. सपाट स्टेजला सगळ्यांना तीच वेळ, मग जर्सी हलणार कशी? 2015 ला बोनस परत आले आणि दुसऱ्याच स्टेजला फरक दिसला. सलामीच्या टाइम ट्रायलला टोनी मार्टिन कान्चेलारापेक्षा 1 सेकंदाने पुढे होता. झीलंडला कान्चेलारा स्प्रिंटमध्ये तिसरा आला, 4 सेकंद मिळाले आणि तो मार्टिनच्या 3 ने पुढे जाऊन पिवळ्यात गेला. त्याने शेवटच्या मीटरांत मागे टाकलेला चौथा माणूस म्हणजे कॅव्हेंडिश, मार्टिनच्याच टीमचा! कॅव्हेंडिश तिसरा राहिला असता तर मार्टिन पिवळ्यात असता. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला एवढं वजन बोनसशिवाय येत नाही.

प्राजक्ता_के:
पॉइंट्सबद्दल एक भर. वह्या वेगळ्या असल्या तरी बोनसचा आडून परिणाम होतो, आणि सातारा_पेडल यांना बहुतेक तेच म्हणायचं असावं. जीसीवाल्याला 10 सेकंदांचं आमिष असलं की तो चढाच्या फिनिशला गटात बसून राहत नाही, स्प्रिंट करतो. सेकंदांसाठी केलेल्या स्प्रिंटचे पॉइंट्स आपोआप पदरात पडतात. हे स्प्रिंटरला किती महागात पडेल ते पॉइंट्सचा तक्ता ठरवतो. 2012 च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या शर्यतीत, सगळ्या स्टेजना सारखेच पॉइंट्स होते. होआकिम रोद्रिगेस जीसीत हेसेडालकडून 16 सेकंदांनी हरला, पण पॉइंट्सची लाल जर्सी त्याने कॅव्हेंडिशकडून 139 विरुद्ध 138 अशी एका पॉइंटने नेली. टूरमध्ये हे अवघड आहे. 2023 चा तक्ता घ्या: सपाट स्टेज जिंकली तर 50, मोठ्या डोंगरातली जिंकली तर 20. सेकंद दोन्हीकडे दहाच. म्हणून तिथे जीसीवाला बोनस गोळा करत राहिला तरी स्प्रिंटरला फारसा धक्का बसत नाही. तुम्हाला हिरव्या जर्सीची तक्रार असेल तर बोनस काढून उपयोग नाही, पॉइंट्सचा तक्ता बदलायला हवा.

सातारा_पेडल:
हो प्राजक्ताताई, मला हेच म्हणायचं होतं, नीट सांगता आलं नाही. पण मग एकच माणूस दोन्ही नेतो यात बोनसचा काहीच हात नाही असंही म्हणता येणार नाही ना?

प्राजक्ता_के:
हात आहे, पण किती ते आकड्यात सांगता येत नाही. रोग्लिचसारखा माणूस बोनस नसले तरी फिनिशला जोर लावतोच. सिउदाद रोद्रिगोला मात्र 39 ची आघाडी असताना दुसऱ्या क्रमांकासाठी तो झटला असता का, याची मला शंका आहे.

क्लब_कोल्हापूर:
धागा वाचला, छान चाललंय. आम्ही क्लबची तीन दिवसांची शर्यत घेतोय. दोन रोड स्टेज, एक 12 किमीची टाइम ट्रायल, साधारण 40 जण. 10-6-4 ठेवू का? स्टॉपवॉच आणि मोबाइलचा कॅमेरा एवढीच साधनं आहेत.

टायमिंगवाला:
धाग्याचा विषय हा नाही, पण सांगतो दादा. तीनच दिवस असतील तर 10-6-4 जड होईल. दोन्ही रोड स्टेज गठ्ठ्याने संपल्या तर एक स्प्रिंटर 20 सेकंद घेऊन जाईल आणि 12 किमीच्या टाइम ट्रायलमध्ये ते भरून काढायला बाकीच्यांची दमछाक होईल. 3-2-1 पुरे.

कॅमेरा रेषेच्या अगदी सरळीत, स्टँडवर लावा. थोडा जरी तिरका असला तर दुसरा-तिसरा उलटा दिसतो. गटाला एकच वेळ द्या, क्रमांक मात्र व्हिडिओवरून एकेक लिहा, कारण बोनस क्रमांकावर मिळतो. शेवटच्या 3 किमीत कुणी पंक्चर झाला तर त्याला गटाची वेळ द्यायची असते, पण क्रमांक तो प्रत्यक्ष रेषेवर आला तोच, म्हणून बोनस नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती तक्त्यात. स्टेजची वेळ एका रकान्यात आणि बोनस दुसऱ्या रकान्यात ठेवा. बोनस स्टेजच्या वेळेतूनच वजा करून ठेवला की दुसऱ्या दिवशी बेरीज करणारा माणूस तो पुन्हा वजा करतो. ओळखायची खूण सोपी आहे: गटात आलेल्या पहिल्या आणि दहाव्याची स्टेजची वेळ वेगळी दिसली, तर कुणीतरी बोनस आत मिसळलाय.

टाइम ट्रायल शंभरांश सेकंदापर्यंत नोंदवा. एकूण वेळ बरोबरीत आली तर आधी ते बघतात, मग सगळ्या स्टेजच्या क्रमांकांची बेरीज. 2018 च्या टूर डाउन अंडरमध्ये टाइम ट्रायल नव्हती. इम्पी आणि पोर्ट एकाच वेळेवर संपले, तेव्हा क्रमांकांच्या बेरजेवर इम्पी जिंकला.

घाटवेडा:
मग मधला मार्ग काढूया. चढावर जो ताकदवान असतो तो तसाही वेळ काढतोच, त्याला वर बक्षीस कशाला? सपाट आणि मधल्या स्टेजना बोनस ठेवा, डोंगरमाथ्याच्या फिनिशना बंद करा. पहिला आठवडाही गोठणार नाही.

टायमिंगवाला:
विचार करण्यासारखं आहे. त्याच व्हुएल्टावर लावून बघितलं. अराटे, लागुना नेग्रा आणि मोंकाल्वियो वगळले तर दोघांतल्या बोनसच्या 32 सेकंदांपैकी 10 जातात. लेकुनबेरीचे 6, सुआन्सेसचे 10 आणि सिउदाद रोद्रिगोचे 6 राहतात. रोग्लिच तरीही 14 ने जिंकतो. वजाबाकीवरचा माझा आक्षेप इथेही लागू आहेच.

प्राजक्ता_के:
आणि उलट केलं, म्हणजे फक्त डोंगरमाथ्यांना बोनस दिला, तर रोग्लिच 2 सेकंदांनी! मला हे जास्त पटतं. चढावर तिघं-चौघं एकमेकांकडे बघत वर येतात, तेव्हा 10 सेकंदांसाठीच कुणीतरी शेवटच्या किलोमीटरला उठतो. सपाट स्टेजला स्प्रिंटर तसेही उठणारच असतात.

घाटवेडा:
पण मग पिवळी जर्सी पुन्हा प्रोलॉगवाल्याकडे आठवडाभर अडकेल, टायमिंगवाल्यांनीच वर सांगितलंय ते. आणि सुआन्सेसला तुम्ही कशात धराल? चढाचं फिनिश आहे, पण डोंगरमाथा नाही. त्या एका स्टेजचे 10 सेकंद कुठल्या रकान्यात टाकता यावर तुमचा 2 चा आकडा 12 होतो.