तिळगूळ घ्या, पण उत्तर काय द्यायचं?

नमस्कार मंडळी,
मागच्या संक्रांतीला समोरच्या काकूंनी माझ्या मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड गोड बोल" म्हटलं. तो "थँक यू" म्हणून पळाला. खरं उत्तर काय? आणि शेजारच्या अमेरिकन आजींना तिळगूळ देताना मी काय म्हणू? गेल्या वर्षी मी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी काही वाईट बोलले का?"
– मधुरा

मधुरा,
वेगळं उत्तर नसतंच. तेच वाक्य परत म्हणायचं, झालं.
– नितीन

मधुराताई,
लाडू कडक होत असतील तर चिक्कीचा गूळ घेऊ नका. त्याच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की टणक गोळी होते, लाडू दाताला लागतात. साधा गूळ घेऊन पाक मऊ गोळीवर उतरवला की लाडू खुसखुशीत होतात. माझे दोन वर्षं फसले, म्हणून सांगते.
– शुभांगी

मधुरा,
नितीनचं अर्धं बरोबर आहे. वाक्य परत म्हणतात, पण आपलाही तिळगूळ समोरच्याच्या हातावर ठेवून. आमच्या साताऱ्याला डबी खिशात घेऊनच निघायचो. हात रिकामा असेल तर "तुम्हीही गोड बोला" पुरतं. धाकट्यानं मोठ्यांना तिळगूळ देऊन वाकून नमस्कार करायचा आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचं. मोठ्यांनी "सुखी राहा" म्हणत हातावर तिळगूळ ठेवायचा. मुलाला "घे, बोल" आणि "घ्या, बोला" यांतला फरक तेवढा शिकव. आजोबांना "घे" म्हटलेलं कानाला खटकतं.

आजींचं म्हणशील, तर "बोला" हा आज्ञार्थ आपल्याला लाडिक वाटतो, इंग्रजीत तो समज दिल्यासारखा होतो. मी "बोलू या" करतो: "आमचा सण आहे, हा तिळाचा लाडू. मागचं सगळं विसरून या वर्षी गोड बोलू या, असं आम्ही म्हणतो." मग मराठी वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घेतो. "तिळगूळ" मधला ळ कुणाला जमत नाही, आणि तिथेच हसू फुटतं.

देण्याआधी तीळ आणि शेंगदाणे चालतात का, हे विचार. तिळाची ॲलर्जी गंभीर असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ वेष्टनावर जाहीर करावेच लागतात. घरच्या लाडवाला वेष्टन नसतं, म्हणून सांगायचं आपणच.
– सुधाकरकाका

काका, आमच्या धारवाडच्या शेजारीणबाई "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि" म्हणतात. तीळगूळ खा, चांगलं बोला! त्यांना मी मराठीतच उत्तर देतो, त्यांना चालतं. पण "गोड" एकदा की दोनदा?
– नितीन

आमच्या घरी दोनदा. सासरी एकदाच. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ वाटतात, तोवर दोन्ही म्हणून बघते. काका, आजींना विचारलं, तीळ चालतात, शेंगदाणे नाहीत. आज नुसत्या तिळाचे वेगळे वळते.
– मधुरा