गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर पाळी कधी येते?

रेवती (ए-३०४): माला-एनचं पाकीट संपवून गोळ्या थांबवल्या. ५ जूनला शेवटची पांढरी गोळी, ८ जूनला पाळी आली. आज १० जुलै, पुढची आलीच नाही. बाळ हवंय. गोळ्यांनी काही बिघडलं का?

डॉ. अनघा (बी-४०२): नाही गं. ८ तारखेचा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हतीच. पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या. पांढऱ्या संपल्या की शरीरातलं हार्मोन उतरतं आणि दोन-चार दिवसांत अंगावर जातं. त्यात स्त्रीबीज बाहेर पडलेलं नसतं.

खरी पाळी स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी येते. गोळ्यांमुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा दबलेला असतो. तो परत जागा व्हायला कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला दोन महिने. समज, तुझं बीज ४ जुलैला बाहेर पडलं, तर पाळी १८ जुलैच्या आसपास येईल. म्हणजे ८ जूनपासून ४० दिवस. यात बिघाड काहीच नाही.

शुभांगी काकू (सी-१०१): मग पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत, असंच ना?

डॉ. अनघा: नाही काकू, इथेच बायका फसतात! बीज आधी, पाळी नंतर. म्हणून एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. रेवती, आज घरी प्रेग्नन्सी टेस्ट केलीस आणि निगेटिव्ह आली, तरी ती फार लवकरची असू शकते. शेवटच्या संबंधाला ३ आठवडे झाले की सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा कर. आणि फोलिक ॲसिड आजच सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. दुकानात बहुतेक ५ मिलिग्रॅमचीच गोळी देतात, म्हणून मात्रा वाचून घे.

मेघा, नर्स (ए-२०६): एक भर घालते. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा हिशोब वेगळा. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बहुधा ७ ते १० महिने जातात. तो अनुभव ऐकून गोळीवालीने घाबरू नये.

रेवती: आणि पुढेही अनियमित राहिली तर?

डॉ. अनघा: पहिले तीन महिने मागेपुढे होऊ दे. गोळ्यांच्या आधी तुझी पाळी कशी होती ते आठव. तेव्हाही दीड-दोन महिन्यांनी येत असेल, तर गोळीने तो अनियमितपणा झाकला होता, आता तो उघडा पडतोय. बरेचदा त्यामागे पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास असतो. वजन झपाट्याने घटणं, थायरॉइडचा त्रास किंवा प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढणं हीही कारणं असतात.

तीन महिने पाळीच आली नाही तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी. स्तनातून दूध येत असेल किंवा डोकं दुखून नजर अंधुक होत असेल, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. पाळी आणायची गोळी मात्र टेस्ट केल्याशिवाय मेडिकलमधून आणू नकोस.