मदत हवी आहे: भागीदाराशी मेलवर पेटलेला वाद फोनवर कसा आणू?

मंडळी, आम्ही दोघं भागीदारीत पॅकेजिंगचा धंदा करतो. मी पुण्यात, तो कोल्हापुरात. नव्या मशीनच्या ॲडव्हान्सवरून परवापासून मेलवर जुंपली आहे. 11 मेल झाले. सातव्या मेलपासून त्याने सीएंना सीसीत घेतलं आणि तिथूनच बिघडलं, कारण आता आम्ही एकमेकांना नाही, सीएंना ऐकवायला लिहितोय. काल "तुला हिशेबातलं कळत नाही" हे वाक्य आलं. रात्री साडेअकराला मी लांबलचक उत्तर खरडलं, नशीब, ड्राफ्टमध्येच ठेवलं. सकाळी थेट फोन लावला तर त्याने कट केला.

आता फक्त त्याला हे पाठवावं म्हणतोय:

"अरे, रक्कम आणि तारीख, दोनच मुद्दे उरलेत. लिहिताना माझाही सूर चढला. उद्या 11 ला बोलू की संध्याकाळी 5 ला? जे ठरेल ते मी दोन ओळींत सीएंसकट सगळ्यांना मेल करतो."

सीएंना मध्येच वगळलं तर त्याला लपवाछपवी वाटेल का? आणि "माझाही सूर चढला" ही लेखी कबुली उद्या माझ्यावरच उलटेल का? असं कुणी निभावलं असेल तर सांगा.