बाबांच्या आयफोनचा लेगसी कॉन्टॅक्ट चालतो की नाही, हे आधी कसं तपासायचं? (मदत हवी आहे)

अनुराधा_क
गुरुवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण बाबांनी चार दिवसांपासून एकच धरून ठेवलंय, "मला काही झालं तर फोटो तुझ्या हातात आले पाहिजेत." ते गेल्यावर त्यांच्या ॲपल खात्यातला डेटा मिळावा म्हणून त्यांनी मला लेगसी कॉन्टॅक्ट केलंय. क्यूआर कोड असलेला ॲक्सेस कीचा कागद माझ्याकडे आहे. आज digital-legacy.apple.com उघडलं तर ते की आणि मृत्यूचा दाखला मागतंय. मी तिथेच थांबले. हे खरंच चालेल का, ते आधी बघायची काही सोय असेल ना? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, हातात तीन दिवस आहेत.

रानवारा
ताई, एवढं कशाला? बाबांच्या फोनचा पासकोड आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या, वही कपाटात ठेवा. आमच्याकडे असंच केलंय.

सुहास_द
अनुराधाताई, चाचणीची सोय नाही. दाखला तपासल्याशिवाय ते खातं उघडून देत नाहीत. पण की चालेल का, यापेक्षा की चालल्यावर तुमच्या हाती काय पडेल हा प्रश्न मोठा आहे, आणि ते आज बघता येतं. मला एवढं सांगा: बाबांचे फोटो नक्की कुठे आहेत?

अनुराधा_क
फोनमध्येच आहेत, अजून कुठे असणार? आईचे सगळे जुने फोटो त्यांनी स्वतः स्कॅन करून त्यात घेतलेत. माझा प्रश्न कीबद्दल आहे.

सुहास_द
म्हणूनच विचारतोय. लेगसी कॉन्टॅक्टला मिळतं ते आयक्लाउडमधलं. फोन उघडून मिळत नाही. अर्ज मंजूर झाला की त्या खात्यावरच्या उपकरणांचा ॲक्टिव्हेशन लॉक निघतो, पण पासकोड माहीत नसेल तर फोन पूर्ण पुसूनच पुन्हा वापरता येतो. फक्त फोनमध्येच असलेला फोटो पुसताना जातो. Settings मध्ये सर्वात वर बाबांच्या नावावर जा, मग iCloud, मग Photos. Sync this iPhone चालू आहे का? आणि तिथेच किती जीबी वापरलेत ते बघा.

अनुराधा_क
चालू आहे. पण वर लाल अक्षरात जागा भरल्याचं येतंय. ५ जीबीपैकी ५ जीबी. हे तर दोन वर्षांपासून येतंय म्हणे, ते बंद करून टाकतात.

मृणाल_७
मग घाबरायचं कारण नाही. आयक्लाउड बॅकअपही लेगसी कॉन्टॅक्टला मिळतो, त्यात फोटो येतातच. मी माझा फोन बदलला तेव्हा बॅकअपमधून सगळं परत आलं होतं.

सुहास_द
मृणाल, बॅकअप मिळतो हे बरोबर, पण इथे तो उपयोगी पडणार नाही. आयक्लाउड फोटोज चालू असलं की फोन फोटो बॅकअपमध्ये धरत नाही, कारण ते आधीच वर आहेत असं तो मानतो. इथे ते वर गेलेलेच नाहीत. शिवाय जागा भरली की बॅकअपही अडतो. अनुराधाताई, iCloud Backup मध्ये शेवटची तारीख बघून ठेवा. आणि एक मोजणी करा. फोटोज ॲपमध्ये लायब्ररीच्या तळाशी एकूण संख्या दिसते, ती लिहून घ्या. मग बाबांना शेजारी बसवून संगणकावर icloud.com उघडा, त्यांच्या खात्याने आत जा आणि तिथली संख्या बघा. तुमच्या मनातली चाचणी जवळपास हीच.

नंदाकाकू
माझी गोष्ट सांगते, कदाचित उपयोगी पडेल. माझा भाऊ अचानक गेला. त्याने कोणालाच नेमलं नव्हतं. कंपनीने कोर्टाचा आदेश मागितला. वहिनीने वकील केला, कागद केले, त्यात चौदा महिने गेले. शेवटी खातं उघडलं तेव्हा आत पाचएकशे फोटो होते, बाकीचे फोनमध्ये होते आणि पासकोड कोणालाच ठाऊक नव्हता. तुझे बाबा समोर आहेत, आत्ताच विचारून घे गं.

अनुराधा_क
काकू, वाचून पोटात गोळा आला.
मोजलं. फोनमध्ये १८,४०६. वेबवर २,९३१. बॅकअपची तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे आईचे स्कॅन केलेले फोटो कुठेच नाहीत?

सुहास_द
फोनमध्ये आहेत आणि फोन तुमच्या हातात उघडा आहे, म्हणजे अजून काही गेलेलं नाही. आज रात्री दोन कामं करा, आणि ढगात चढवण्याआधी पहिलं.

फोन केबलने संगणकाला लावा, फोनवर Trust This Computer ला हो म्हणा आणि सगळे फोटो कॉपी करून घ्या. यासाठी ना जागा विकत घ्यावी लागते ना इंटरनेट लागतं. कॉपी झाल्यावर फाइलींची संख्या बघा. लाइव्ह फोटोची छोटी चित्रफीत वेगळी फाइल म्हणून येते, त्यामुळे आकडा १८,४०६ पेक्षा जास्त दिसू शकतो. कमी आला तर मात्र थांबा आणि इथे लिहा.

मग जागा वाढवा. २०० जीबीचा प्लॅन घ्या, फोन चार्जरला आणि वायफायवर ठेवा. सगळं वर जायला दोन-तीन रात्री लागू शकतात. मधे लो पॉवर मोड चालू झाला तर चढणं थांबतं, तेवढं लक्ष ठेवा.

रानवारा
म्हणजे शेवटी पासकोडच हवा होता. मी पहिल्यांदा तेच म्हणालो.

सुहास_द
रानवारा, पासकोड माहीत असावा हे मलाही मान्य आहे, आणि या घरात तोच आज कामी आला. माझा आक्षेप फक्त त्यावर विसंबण्याला आहे. फोन पाण्यात पडला, हरवला किंवा ऑपरेशनच्या गडबडीत कोणी चुकीचा पासकोड पुन्हा पुन्हा टाकला, तर वही निरुपयोगी. आणि त्याच पासकोडने माणसाचे सगळे पासवर्डही उघडतात. लेगसी कॉन्टॅक्टला साठवलेले पासवर्ड आणि कार्डांची माहिती मिळत नाही.

रानवारा
घरच्या माणसापासून काय लपवायचं? मला तरी हा फरक महत्त्वाचा वाटत नाही.

मृणाल_७
मला वाटतो. लेगसी कॉन्टॅक्टला फोटोंबरोबर मेल, नोट्स, आयक्लाउडमधले मेसेजही दिसतात ना? ॲपलमध्ये निवडून देता येत नाही. बाबांना हे माहीत आहे का, की ते फक्त फोटो देत नाहीयेत?

अनुराधा_क
नाही, त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. विचारलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मेसेज नकोत." आता काय करायचं?

सुहास_द
iCloud च्या यादीत Messages बंद करता येतं. मात्र बॅकअपही नसेल आणि फोन बिघडला तर मेसेज परत मिळणार नाहीत. बॅकअप चालू असेल तर तेव्हापासून मेसेज त्यात जातात आणि बॅकअप तुम्हाला मिळतोच, तेही त्यांना सांगा. निर्णय त्यांचाच.

प्रभाकर_जोशी
फेसबुकवर सुद्धा ही सोय आहे. माझ्या मित्राचं खातं त्याच्या मुलीने स्मृतिखातं केलं, आम्ही दरवर्षी तिथे लिहितो. तिला प्रोफाइल फोटो बदलता येतो. पण खाजगी मेसेज वाचता येत नाहीत, ते मला पटलं.

अनुराधा_क
काका, बाबा फेसबुकवर नाहीत. पण जीमेल आहे, जुन्या अँड्रॉइड फोनपासूनचं. त्यात गूगल फोटोजमध्ये सहलींचे फोटो असतील. ही की तिथे चालेल?

सुहास_द
नाही, गूगलचं सगळं वेगळं. myaccount.google.com/inactive वर जा. तिथे दाखला नाही, घड्याळ आहे. खातं ३, ६, १२ की १८ महिने शांत राहिलं की पुढची क्रिया सुरू करायची, हे बाबा ठरवतात. मुदतीच्या महिनाभर आधीपासून त्यांना सूचना जातात. तरी उत्तर आलं नाही तर तुम्हाला मेल येतो आणि डेटा उतरवायला ३ महिने मिळतात. इथे मात्र निवडता येतं: फक्त फोटो द्या, मेल नको. तुमचा मोबाइल नंबर तिथे बरोबर असू द्या, ओळख पटवायला त्यावरच कोड येतो.

एक खोच आहे. खातं वापरात आहे का हे गूगल साइन-इनवरून, जीमेलच्या वापरावरून आणि अँड्रॉइड फोनच्या आपोआप होणाऱ्या संपर्कावरूनही ठरवतं. तो जुना फोन अजून चालू आहे का?

अनुराधा_क
हो! स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला असतो, त्यावर बाबा बातम्या ऐकतात.

सुहास_द
मग तो आठवण म्हणून तसाच चालू ठेवलात तर घड्याळ सुरूच होणार नाही, आणि तुम्ही मेलची वाट बघत बसाल. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

नंदाकाकू
आम्ही भावाचा फोन वर्षभर चार्ज करून ठेवला होता. बंद करवत नव्हता.

मृणाल_७
सुहास, एक विचारते. २०० जीबीचे पैसे बाबांच्या कार्डातून जातील. ते गेल्यावर कार्ड बंद होईल. मग वरचे फोटो राहतील का?

सुहास_द
त्यावर विसंबू नका. अर्ज मंजूर झाल्यापासून लेगसी कॉन्टॅक्टला ३ वर्षं मिळतात, मग खातं कायमचं पुसलं जातं. पण अर्जाला उशीर झाला आणि मधेच पैसे थांबले तर काय होईल, याचा मी भरवसा देणार नाही. अनुराधाताईंनी फॅमिली शेअरिंगमधून स्वतःच्या प्लॅनची जागा बाबांना दिली तर पैसे ताईंच्या कार्डातून जातील. तरी केबलने घेतलेली प्रत हीच पक्की.

रानवारा
म्हणजे खर्च कायमचा पाठीमागे. माझ्या मते केबलची प्रत दोन डिस्कवर घ्या आणि बाकी सोडून द्या.

अनुराधा_क
काल रात्री केबलने उतरवले. २१,७५० फाइली. आईचे स्कॅन उघडून बघितले, सगळे आहेत. वेबवरचा आकडा सकाळी ६,२०० होता, आत्ता ९,११२.
अजून एक. माझ्या कागदावर मार्चची तारीख आहे. बाबा म्हणतात मे महिन्यात त्यांनी चुकून माझं नाव काढलं होतं आणि पुन्हा घातलं. चालेल ना?

सुहास_द
नाही! नाव काढलं की जुनी की रद्द होते. पुन्हा घातल्यावर नवी तयार झाली असेल. बाबांच्या फोनवर Sign-In & Security मध्ये Legacy Contact, तिथे तुमचं नाव दाबा आणि ॲक्सेस की पुन्हा छापून घ्या. तुमच्याकडे आयफोन असेल तर स्वतःच्या सेटिंग्जमध्येही त्याच जागी बघा, पाठवली असेल तर तिथे साठलेली असते.

अनुराधा_क
दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्षरं वेगळी आहेत. जुना फाडला. नवा मृत्युपत्राच्या पाकिटात बाबांनी स्वतः ठेवला. जीमेलवर ६ महिने आणि फक्त फोटो असं केलंय. मेसेजचं अजून ठरत नाहीये त्यांचं, मी पुन्हा विचारणार नाही.