एसी एकाच्या खोलीत, मीटर तिघांचा: वाढलेलं बिल कोणी भरायचं?

कर्वेनगरवाला
आम्ही तिघे नोकरी करणारे, कर्वेनगरला टू बीएचकेत राहतो. भाडं २७,०००. मोठी खोली मला एकट्याला, म्हणून मी ११,००० देतो. दुसरीत दोघे, त्यांचे ८-८ हजार. एसी माझ्या खोलीत आहे, मालकांनीच बसवलेला. फेब्रुवारीचं लाइट बिल १,३५० होतं, मेचं ४,४३० आलं. दोघे म्हणतात, वरचे ३,०८० तू एकट्याने भर. मला हे पटत नाही. काय करावं?

मिलिंद_वारजे
भरायचे. एसीचा गारवा तुला, बिल तिघांना, हे कुठल्या न्यायात बसतं? मी स्वतः तीन वर्षं अशाच फ्लॅटमध्ये बिनएसीच्या खोलीत काढली आहेत. मेमध्ये पंख्याखाली घाम गाळायचा आणि वर शेजारच्या खोलीच्या थंडाव्याचे पैसे द्यायचे, फार लागतं मनाला.

दीप्ती_क
मिलिंद, तो खोलीचे ३,००० जास्त देतोय ते विसरू नका. एसीची खोली म्हणूनच ती महाग ठरली ना? मग बिल सरळ तीन भागांत. उद्या कोण किती वेळ अंघोळ करतो तेही मोजणार का?

मिलिंद_वारजे
ते ३,००० एकट्याने राहण्याचे आणि फार तर एसीच्या यंत्राचे. वीज भाड्यात कधीच नव्हती, नाहीतर बिल वेगळं आलंच नसतं.

हडपसरचा_अमोल
आमच्याकडेही हाच त्रास आहे. मालकाने प्रत्येक खोलीला सबमीटर लावलाय आणि युनिटला सरसकट १५ रुपये घेतो, मूळ बिल दाखवतच नाही. तुमच्या मालकाला आधी बिल मागा.

कर्वेनगरवाला
अमोल, आमचं बिल थेट महावितरणचं येतं, मालकांचा काही संबंध नाही. वाद आमच्या तिघांतच आहे.

सोपानकाका
चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली, असे बरेच तंटे पाहिलेत. रुपये बाजूला ठेवा, आधी युनिट सांगा. फेब्रुवारीत किती, मेमध्ये किती? आणि एसीने किती खाल्ले ते कधी मोजलंय का?

कर्वेनगरवाला
फेब्रुवारीत १५०, मेमध्ये ३८०. एसी मोजलेला नाही, काका. रात्री साधारण सात तास चालतो, दीड टनाचा इन्व्हर्टर आहे.

सोपानकाका
मग मोजा. मेन मीटरचं रीडिंग रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर घ्या. तीन रात्री एसी लावून, तीन रात्री न लावता, बाकी सगळं रोजच्यासारखं. दोन्हींच्या सरासरीतला फरक म्हणजे तुमचा एसी. रोजची कटकट नको असेल तर इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर छोटा मीटर बसवून घ्या. प्लगमध्ये खोचायचा मीटर घेणार असाल तर १६ अँपिअरचाच घ्या. लहान पिनांचा घेतला तर एसीच्या लोडने तापून वितळतो.

आणि महिना १ तारखेचा धरू नका. बिलावर मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात, तेवढ्याच दिवसांचा हिशेब करा. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल तर त्या महिन्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पुढच्या बिलात ते आपोआप जुळतं.

निखिल_एम
मापून झालं की सोपं आहे. एकूण बिल भागिले एकूण युनिट, म्हणजे एका युनिटचा दर. त्याला एसीच्या युनिटने गुणा, तेवढं एसीवाल्याचं. उरलेलं तिघांत.

कर्वेनगरवाला
(सहा दिवसांनी) काका म्हणाले तसं केलं. एसीमुळे रात्रीला सरासरी ६ युनिट. मेच्या ३० दिवसांच्या बिलात १८० धरले. म्हणजे एसी नसता तर २०० युनिट झाले असते, फेब्रुवारीपेक्षा ५० जास्त. दोन पंखे रात्रंदिवस, फ्रिजचा जोर, आणि एक मित्र घरून काम करतो, त्यातच ते गेले असावेत.

सोपानकाका
बघा, इथेच तुमच्या मित्रांचं गणित चुकतं. वाढ २३० युनिटची, एसी १८०. उरलेली ५० उन्हाळ्याची, ती तिघांची.

आता निखिलरावांची रीत. ४,४३० भागिले ३८०, युनिटला साधारण ११ रुपये ६६ पैसे. एसीचे झाले २,०९८. उरलेले २,३३२ तिघांत, प्रत्येकी ७७७. दिसायला चोख आहे, पण बिल असं बनतच नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग. वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून तुमच्या बिलाचे आकडे गोल केले तर पहिल्या टप्प्यात ६ रुपये, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १६ आणि वर स्थिर आकार १५०.

एसी नसता तर २०० युनिटचं बिल १,९५० झालं असतं: ६००, १,२०० आणि १५०. एसीने ते ४,४३० केलं. म्हणजे एसीचा खरा बोजा २,४८०. तुम्ही २,४८० अधिक ६५०, एकूण ३,१३०. बाकीचे ६५०-६५०. सरासरी दराने एसीचे ३८२ रुपये कमी पडतात, आणि त्यातले दोन तृतीयांश मित्रांच्या खिशातून जातात.

निखिल_एम
हे लक्षातच आलं नव्हतं. आम्ही दोन वर्षं सरासरीनेच भरतोय.

दीप्ती_क
काका, गणित मान्य, पण महाग टप्पा एसीच्याच माथी का? घरून काम करणारा दिवसभर पंखा, लॅपटॉप चालवतो. त्याचं वापरणं शेवटी धरलं तर महाग युनिट त्याची होतील. मीटरला काय ठाऊक कोणतं युनिट आधी आलं?

सोपानकाका
मीटरला नाही ठाऊक, ताई, हे खरं. मी एवढंच पाहतो की कोणती गोष्ट बंद केली तर बिल कितीने उतरतं. पंखा आणि फ्रिज सगळ्यांना लागतात, म्हणून ते आधी. हे तुम्हाला पटत नसेल तर सरासरी दर धरा, तोही अन्याय नाही. पण जी रीत धराल ती एप्रिलच्या आधी ठरवा, बिल हातात आल्यावर नाही.

दीप्ती_क
मग डिसेंबरातल्या गिझरलाही हीच रीत लावा. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट.

सोपानकाका
लावा की. पण गिझर तिघेही वापरतात, तिघांच्या अंघोळीत फार फरक नसेल तर मापण्याचा खटाटोप त्या पैशांपेक्षा मोठा होतो.

मेघा_बाणेर
आमच्याकडे विजेचं कधी भांडण नाही झालं, किराण्याचं झालं. एकीचा डबा बाहेरून यायचा, तरी ती तेल-तांदळात चौथा हिस्सा भरायची. शेवटी चहा, दूध, साखर, गॅस चौघींत आणि स्वयंपाकाचं सामान तिघींत केलं. अंडी, तूप ज्याचं त्याने. तेव्हापासून बरं चाललंय.

कर्वेनगरवाला
एक गोष्ट सांगायची राहिली. मेमध्ये शनिवार-रविवारी दोघेही माझ्या खोलीत गाद्या टाकून झोपायचे. आठ रात्री झाल्या. त्याही माझ्याच का?

मिलिंद_वारजे
हे आधी सांगायला हवं होतं. त्या आठ रात्री तिघांच्या.

सोपानकाका
आठ रात्रींचे ४८ युनिट. २,४८० ला १८० ने भागलं तर युनिटला १३ रुपये ७८ पैसे, म्हणजे ६६१ रुपये. प्रत्येकी २२०. मित्रांचे ८७०-८७०, तुमचे २,६९०.

कर्वेनगरवाला
काल रात्री तिघांनी बसून वाचलं. एक जण ८७० ला तयार आहे. दुसरा म्हणतो, "झोपायला तूच बोलावलंस, मग पैसे कसले?" बोलावलं होतं हे खरंच आहे. त्याचे २२० मीच भरले. जूनपासून एसीच्या लाइनवर मीटर बसतोय, खर्च तिघांत.

दीप्ती_क
मीटरचा खर्च तिघांत का? एसी मालकांचा आहे, फ्लॅट सोडताना तो मीटर तिथेच राहणार. मालकांना विचारलंत का?