मदत हवी आहे: चटणीची बॅच परत मागवायची आहे, जाहीर सूचना कशी लिहू?

जवसवाली
मामांच्या छोट्या मसाला उद्योगाचं लिखापढीचं काम मी बघते. जवसाच्या चटणीच्या 200 ग्रॅमच्या पाकिटांत एका बॅचला शेंगदाण्याची चटणी भरली गेली. पॅकिंगचा रोल बदलायचा राहिला. पाकिटावर घटकांमध्ये शेंगदाणा कुठेच नाही. माल सांगली, कोल्हापूर आणि पुण्यातल्या दुकानांत गेलाय. दुकानात आणि व्हॉट्सॲपवर लावायला मामांनी हा मजकूर दिलाय:

"काही तांत्रिक कारणास्तव व ग्राहकहित लक्षात घेऊन आमच्या जवस चटणीची काही पाकिटे खबरदारी म्हणून परत घेण्यात येत आहेत. ग्राहकांनी सहकार्य करावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मला हे पटत नाही, पण काय बदलू ते सुचत नाही.

वरणफळ
मजकूर सभ्य आहे की! शेंगदाणा काय, घरोघरी खातात. ॲलर्जी हे परदेशातलं फॅड. उगाच घाबरवू नका, धंदा बसेल. फक्त बॅच नंबर मोठा टाका.

लेबल_बघणारा
बॅच नंबर मोठा हवा, हे वरणफळ यांचं बरोबर. बाकी नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडेही आहे. आपल्या लेबलच्या नियमांत तो पाकिटावर ठळक सांगायच्या घटकांत येतो तो त्यामुळेच.

मामांच्या मजकुरात 'शेंगदाणा' हा शब्दच नाही. ज्या आईच्या मुलाला ॲलर्जी आहे, ती 'तांत्रिक कारण' वाचून पुढे जाईल. 'खबरदारी म्हणून' काढा, त्याने धोका नसल्यासारखं वाटतं. दिलगिरी शेवटी, एका ओळीत. सुरुवात अशी करा:

"खाऊ नका. जवस चटणी, 200 ग्रॅम, बॅच ज-112 परत मागवत आहोत. या पाकिटांत शेंगदाणा आहे, पण लेबलवर तो लिहिलेला नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी खाल्ल्यास अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे असे होऊ शकते. जिवालाही धोका आहे."

'होऊ शकते' ठेवा, पण 'क्वचित' वगैरे घालून सौम्य करू नका. आणि सूचना लावून काम संपत नाही. माल परत मागवायला सुरुवात केल्यापासून 24 तासांत अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मामांना आजच सांगा.

पिठाची_गिरणी
माझा पण असाच प्रॉब्लेम. मागच्या महिन्यात घेतलेल्या मिक्सरचं भांडं गळतंय, दुकानदार बिल मागतो. परत घेतील का?

लेबल_बघणारा
दादा, ती वॉरंटीची तक्रार, वेगळा धागा काढा. पण बिलाचं बरं आठवलं. चटणीच्या पाकिटाचं बिल कोण जपून ठेवतो? सूचनेत 'बिल नसले तरी पूर्ण पैसे परत' असं लिहा, नाहीतर लोक पाकीट आणणारच नाहीत.

खलबत्ता
एक अडचण कोणी बोललं नाही. आमच्याकडे चटणी आली की पाकीट फाडून बरणीत, आणि पाकीट कचऱ्यात. बॅच नंबर बघणार कुठे? वर दळलेलं जवस आणि शेंगदाणा, तिखट-लसूण घातल्यावर बघून ओळखू येत नाहीत. चाखून बघा असं तर चुकूनही लिहू नका.

जवसवाली
अगदी! आमच्याच घरी तसं आहे. मग पुढचा भाग असा लिहिलाय, बघा:

"बॅच नंबर पाकिटाच्या मागे, खालच्या शिवणीजवळ, तारखेच्या वर छापला आहे. चटणी बरणीत काढली असेल आणि पाकीट सापडत नसेल, तर ती याच बॅचची समजा. शेजारी किंवा कामावरच्या कुणाला दिली असेल, तर त्यांनाही कळवा. चटणी घेतलेल्या दुकानात परत द्या. बिल नसले तरी पूर्ण पैसे मिळतील. खाल्ल्यावर त्रास सुरू झाल्यास थांबू नका, 108 वर फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. आमच्या इतर चटण्या आणि इतर बॅच यात नाहीत."

लेबल_बघणारा
छान. शेवटचं वाक्य मात्र तपासून मगच छापा. त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी भरताना किती पाकिटांवर जवसाचा रोल लागला आणि तो कधी बदलला, हे पॅकिंगच्या वहीत मिळालं का? त्याच यंत्रावर लगेच नंतर दुसरी चटणी भरली असेल, तर तिच्यातही शेंगदाण्याचा चुरा गेला असू शकतो.

खलबत्ता
माझं मत वेगळं आहे, 'खाऊ नका' सगळ्यांना का? ज्यांना शेंगदाणा चालतो त्यांना ही चटणी चांगलीच आहे. इंग्लंडमधल्या अशा सूचनांत 'ॲलर्जी असेल तर खाऊ नका' इतकंच असतं.

लेबल_बघणारा
तिथे चालतं. पण आपल्याकडे बरणी सगळ्या घराची असते, पाहुणे येतात, डबा मुलांबरोबर शाळेत जातो. मी सगळ्यांनाच सांगेन.

जवसवाली
मामांना 'जिवालाही धोका' नको आहे, 'गंभीर त्रास' लिही म्हणतात. वहीत पुढच्या तासाला कारळ्याची चटणी भरल्याची नोंद आहे, यंत्र पुसल्याची नाही. 'इतर चटण्या यात नाहीत' ही ओळ काढतेय. कारळ्याची पण परत मागवायची की नाही, ते विचारायला अधिकाऱ्यांना फोन लावतेय.